“काका, बघणार कोण आणि काय?”

तक्रार साधी होती, रात्री नेट रडतं. तपासायला गेलो तर वायफायला पासवर्डच नाही. मित्र आले की दर वेळी सांगायचा कंटाळा, म्हणून घरातल्या दहावीतल्या मुलानं तो काढून टाकला होता. बाहेरची उपकरणंही फुकट जोडून बसली होती. पण पासवर्ड परत घालायला मुलगा तयार नव्हता. “काका, सगळ्या साइट https असतात, मजकूर कुलूपबंदच जातो. बघणार कोण आणि काय?”

मुद्दा अर्धा खरा होता, म्हणून भाषण देण्यापेक्षा दाखवणं बरं. वडिलांना विचारून लॅपटॉपवर वायरशार्क हे नेटवर्कवरची वाहतूक दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं आणि वायफाय कार्ड मॉनिटर मोडमध्ये टाकलं. “मी तुमच्या नेटवर्कला जोडलेलोच नाही, बघून घे. हवेतून जातंय ते नुसतं ऐकतोय.”

त्यानं फोनवर दोन-चार साइट उघडल्या. साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारणाऱ्या विनंत्या तेवढ्या दिसाव्यात म्हणून फिल्टरमध्ये मी `dns` लिहिलं, तशी त्या साइटची नावं एकाखाली एक उमटली. आतला मजकूर मात्र दिसत नव्हता, आणि ते त्यानं लगेच माझ्या लक्षात आणून दिलं. बरोबरच होतं. पण कुठल्या साइटवर कधी गेला, हे समजत होतं. एका नावावर त्यानं पटकन वडिलांकडे पाहिलं. मी यादी खाली सरकवली.

“ठीक आहे, घालतो पासवर्ड,” म्हणत त्यानं फोनवरच राउटरच्या सेटिंगचं पान `192.168.1.1` उघडून लॉगिन केलं. त्यानं भरून पाठवलेलं दिसावं म्हणून मी फिल्टर बदलला:

```
http.request.method == "POST"
```

राउटरचं ते पान साधं http होतं. `admin` आणि त्यापुढचा पासवर्ड, दोन्ही जसेच्या तसे पडद्यावर. आता तो गप्प झाला. हा पासवर्ड हाती लागलेला माणूस राउटरमधला डीएनएस बदलून सगळ्या घराला खोट्या पत्त्यांकडे वळवू शकतो. https साइटवर ब्राउझर इशारा देईल, पण तो वाचून थांबणारे किती?

नवा पासवर्ड टाइप करणारं त्याचं बोट मी थांबवलं, कारण तोही त्याच उघड्या हवेतून गेला असता. लॅपटॉप केबलनं राउटरला जोडला, आधी `admin` चा पासवर्ड बदलला, मग वायफायला पासवर्ड घालून डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा पद्धत लावली. वायफायचं नावही बदललं. फोनमध्ये जुनं नाव बिनपासवर्डचं म्हणून साठलेलं असतं. त्याच नावाचं नेटवर्क कुणी शेजारी उभं केलं, तर फोन न विचारता त्याला जाऊन चिकटू शकतो. म्हणून फोनमधून ते पुसायला लावलं.

“मित्रांच्या फोनमधूनही?”

“त्यांच्याही.”

मग त्यानं नेमका प्रश्न विचारला. मित्रांना पासवर्ड दिला, तर ते माझं बघू शकतील का? आधीच्या डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड माहीत असलेल्याला दुसऱ्याचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण पकडता आली, तर पुढची वाहतूक उलगडता येते. डब्ल्यूपीए३ मध्ये तसं होत नाही. पण त्याच्या एका मित्राचा जुना फोन डब्ल्यूपीए३ घेणारा नव्हता. त्याच्यासाठी वेगळ्या पासवर्डचं गेस्ट नेटवर्क डब्ल्यूपीए२ वर काढून दिलं.