चिठ्ठीत मका नव्हता : लेकाच्या शाळेतल्या जेवणाचा माझा अनुभव

आमचा लेक अकरा वर्षांचा, सहावीत. शाळा पुण्याबाहेर, दिवसभराची, आणि तिथे घरचा डबा चालत नाही, सगळ्यांनी कॅन्टीनमध्ये एकत्र जेवायचं असा नियम. आधी मला हे फार आवडायचं, सकाळी डब्याची कटकट नाही. मग लेकाला क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज येणारा जुनाट आजार, निघाला आणि त्याच नियमाने आमची झोप उडवली.

आजाराचं थोडक्यात सांगते. पोट दुखायचं, ताप येऊन जाऊन, वजन वाढायचं बंद. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात सूज दिसली, तर आधी सगळ्यांना आतड्याचा टीबीच वाटला, आपल्याकडे दोन्ही इतकं सारखं दिसतं की बऱ्याच मुलांना आधी टीबीची औषधं सुरू होतात, आमचीही दोन महिने झाली. फरक पडेना म्हणून पुन्हा कोलोनोस्कोपी, बायोप्सी, तेव्हा कुठे क्रोन्स नक्की झाला. मग आठ आठवडे घन अन्न पूर्ण बंद, फक्त पावडर कालवून केलेलं न्यूट्रिशनचं दूध, दिवसाला सात-आठ ग्लास. मुलांमध्ये क्रोन्सची सूज उतरवायला स्टेरॉइडच्या आधी हाच उपाय करून बघतात. लेकाला लागू पडला. पण एमआरआयमध्ये एक जागा अजून अरुंद दिसत होती. पूर्ण बंद नाही, पण अरुंद. ही अरुंद जागा लक्षात ठेवा, पुढचं सगळं रामायण तिच्यावरून आहे.

शाळेत परत पाठवायची वेळ आली तेव्हा हॉस्पिटलच्या डाएटिशियनकडून कॅन्टीनसाठी पत्र मागितलं. ओपीडीत तुफान गर्दी, दहा मिनिटांत छापील लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळी मिळाल्या. मराठीत सांगायचं तर, मुलाला आतड्याला सूज येणारा आजार आहे, कमी फायबरचा, मऊ, सौम्य आहार द्यावा, तिखट आणि तेलकट टाळावं. मी खूश. लॅमिनेट करून प्रिन्सिपल मॅडमना दिलं, त्यांनी कॅन्टीनवाल्या काकांना दिलं, काकांनी स्वयंपाकाच्या मावशींना तोंडी सांगितलं, "याला पथ्याचं द्यायचं."

आता आपल्याकडे पथ्य म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं? तिखट बंद, तेल बंद, तूप बंद, दूध जपून, आणि पातळ वरणभात. मावशींनी अगदी मनापासून तेच केलं हो, रोज वेगळं पातेलं चढवायच्या बिचाऱ्या. लेक चार आठवडे बिनतुपाचा वरणभात जेवला. आणि शाळेच्या नोटीसबोर्डाशेजारी, जेवणाच्या काउंटरवर, त्याचा फोटो आणि खाली "पोटाचा आजार, पथ्य" असा कागद. हे मला लेकाने सांगितलंच नाही, त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं.

चार आठवड्यांनी वजन केलं, २८ किलोचं २६.८. डॉक्टरांनी आधी आजार पुन्हा उसळला का ते बघितलं, पण कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्यातली सूज दाखवणारी शौचाची टेस्ट, ठीक होती. म्हणजे आजार शांत, पण पोर उपाशी. मी घरी त्याचं शाळेतलं ताट विचारून विचारून मांडलं, तर दुपारच्या जेवणात जेमतेम साडेतीनशे कॅलरी, त्याही तो अर्ध्यावर सोडायचा, कारण रोज तेच आणि बाकी पोरं शेजारी पावभाजी खातायत.

आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी मक्याचं प्रकरण झालं. त्या दिवशी मेन्यूत स्वीट कॉर्न सूप. मावशींना दया आली, सूप तर पचायला हलकं, तिखट नाही, तेल नाही, दोन वाट्या दिल्या. चिठ्ठीत मका कुठे लिहिला होता? मक्याचं साल पचत नाही, दाणे जसेच्या तसे पुढे सरकतात, आणि अरुंद जागेपाशी येऊन अडकतात. संध्याकाळी पोटात कळा सुरू झाल्या, थांबून थांबून येणाऱ्या, कळ आली की पोर दुमडून जायचा, गेली की दोन मिनिटं बरा. रात्री पोट फुगलं, हिरवट उलटी झाली, गॅस पण पास होईना. हे नीट वाचा, ज्यांच्या मुलांना आतडं अरुंद असल्याचं सांगितलंय त्यांनी खास : अशा वेळी ओवा, हिंग, जुलाबाचं औषध काहीही देत बसू नका, सरळ हॉस्पिटल. आम्ही गेलो, एक्स-रे, तोंडाने सगळं बंद, सलाईन, नाकातून नळी. ऑपरेशनशिवाय दोन दिवसांत मोकळं झालं, पण त्या दोन रात्री मी कधी विसरणार नाही.

वॉर्डात डाएटिशियन मॅडम स्वतः आल्या. मी जरा चिडूनच बोलले, तुमच्या चिठ्ठीप्रमाणेच चाललं होतं म्हणून. त्या शांतपणे म्हणाल्या, "चिठ्ठी मी डॉक्टरला लिहिते तशी लिहिली, स्वयंपाक्याला लिहायला हवी होती. मला शाळेचा आठवड्याचा मेन्यू आणा, आणि मावशींशी फोनवर बोलणं करून द्या." इतकं सरळ कबूल करणारं माणूस मला हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदाच भेटलं.

मेन्यूचा फोटो मागवला. सोमवार पोळी आणि मटकीची उसळ, मंगळवार इडली-सांबार, बुधवार राजमा-भात, गुरुवार पावभाजी, शुक्रवार पुलाव-कढी आणि सूप. मॅडमनी एकेक दिवस घेतला. सोमवारी उसळीऐवजी पनीर किंवा दुधी-बटाट्याची भाजी, दुधी सोलून, बिया काढून, पोळी चाळलेल्या कणकेची. मंगळवारी इडली हवी तेवढी, सांबार गाळून, शेवग्याची शेंग नको, खोबऱ्याच्या चटणीऐवजी दही. बुधवारी राजम्याऐवजी अंडाकरी, ग्रेव्ही गाळून. गुरुवारी पावभाजी चालेल! लेकाने हे ऐकून पलंगावर उडीच मारली, सलाईनसकट. फक्त त्याचा वाटा वेगळा काढायचा, मटार आणि सिमला मिरची न घालता, टोमॅटोची साल काढून, बटाटा, फ्लॉवरचे तुरे आणि गाजर पूर्ण शिजवून घोटलेलं. शुक्रवारी मटार न घातलेला पुलाव, कढी, आणि सूप हवंच तर टोमॅटोचं गाळलेलं.

मग मावशींचा फोन. त्यांनी जे प्रश्न विचारले ते माझ्या डोक्यात कधी आलेच नसते. "मॅडम, फोडणीतली मोहरी-जिरं चालतं का? कढीपत्ता? कोथिंबीर वरून टाकू का? शेंगदाण्याचं कूट बारीक केलं तर?" मॅडमची उत्तरं : फोडणीतल्या चार दाण्यांनी काही होत नाही, त्यात जीव घालवू नका, कढीपत्ता काढून टाका, कोथिंबीर काड्या न घेता फक्त पानं, अगदी बारीक. कूट सध्या नको. तिखट? "मुलाला झेपेल तेवढं चालेल, तिखटाने आतडं बंद होत नाही." पलीकडे मावशी दोन सेकंद गप्पच झाल्या, चार आठवडे त्यांनी नेमकं उलटं सांभाळलं होतं.

नवीन पत्र मराठीत आलं, दीड पान. त्यातल्या काही ओळी इथे टाकते, कारण मला वाटतं खरी गोष्ट यातच आहे :

"तूप, दूध, दही, पनीर बंद करू नये. या मुलाला दूध बाधत नाही. गव्हाचीही बंदी नाही."

"दुपारच्या ताटात किमान : भात दोन वाट्या, घट्ट वरण एक वाटी, तूप दोन चहाचे चमचे, आणि एक अंडं किंवा तेवढंच पनीर. ताट अर्ध्याहून जास्त उरलं तर त्याच दिवशी पालकांना कळवावं."

"मका, पॉपकॉर्न, मटार, कडधान्यं सालीसकट, शेंगदाणे, ओलं-सुकं खोबरं, मशरूम, कच्ची कोशिंबीर, संत्र्या-मोसंबीच्या फोडी, पालेभाजीच्या काड्या देऊ नयेत, कितीही थोडं असलं तरी."

"हे निर्बंध आतड्याच्या अरुंद भागामुळे आहेत, आजारामुळे नाहीत. हे पत्र तीन महिन्यांसाठी आहे. त्यानंतर नवीन पत्राशिवाय चालू ठेवू नये."

ताटाचा हिशोब मॅडमनी मला समजावला. त्याच्या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण २,२०० कॅलरी लागतात, त्यातला तिसरा हिस्सा शाळेत, म्हणजे सातशेच्या आसपास. भाताच्या पावणेचारशे-चारशे, वरणाच्या सव्वाशे-दीडशे, तुपाच्या नव्वद, अंड्याच्या सत्तर-पंचाहत्तर. झाले. पण पत्रात कॅलरीचा आकडा कुठेच नाही, वाट्या आणि चमचेच आहेत, कारण मावशींच्या हातात वाटीच असते. गव्हाचं वाक्य का, तर कॅन्टीनवाल्या काकांनी मधेच कुठेतरी ग्लुटेनचा व्हिडिओ बघून पोळी पण बंद केली होती.

तीन महिन्यांची मुदत मला आधी खटकली, म्हटलं सारखं कोण धावणार हॉस्पिटलला. मॅडम म्हणाल्या, मुदत घातली नाही तर हा मुलगा बारावीपर्यंत सालं काढलेलं खात बसेल, कुणी विचारणारच नाही. ज्या क्रोन्सच्या मुलांचं आतडं अरुंद नाही त्यांना आजार शांत असताना भाज्या, फळं सगळं खायला सांगतात. म्हणून दुसऱ्या कुणाच्या मुलाला आमचं पत्र झेरॉक्स करून देऊ नका, दोघीतिघींनी मागितलं म्हणून सांगते.

काउंटरवरच्या त्या फोटोचं काय झालं? मॅडमनी पत्र पाठवायच्या आधी माझी सही घेतली आणि लेकालाच विचारलं की कुणाला काय कळलेलं चालेल. तो म्हणाला, मावशींना कळू दे, पोरांना नको. म्हणून आजाराचं नाव असलेलं पान फक्त प्रिन्सिपल मॅडम आणि शाळेच्या नर्सकडे, कॅन्टीनला फक्त जेवणाचं पान, तेही आत कपाटाच्या दाराला. ताट ओळखायला निळी वाटी. अकरा वाजता पावडरचं दूध नर्सच्या खोलीत, तिथल्या फ्रिजमधलं, आणि त्याच खोलीचं टॉयलेट न विचारता वापरायची परवानगी. हे शेवटचं जेवणाच्या पत्रात बसत नाही खरं तर, पण मॅडमनी तिथेच घुसडलं, त्याचं मला फार बरं वाटलं.

पहिला आठवडा गोंधळ झालाच. बुधवारी मावशी रजेवर, बदली बाईंनी राजमा वाढला. लेकाने स्वतःच ताट परत केलं आणि निळी वाटी दाखवली. त्यानंतर काकांनी बदलीच्या माणसाला आधी कपाटाचं दार दाखवायचं असं ठरवलं.

तीन महिन्यांनी वजन २९.१. एमआरआयमध्ये जागा आधीपेक्षा मोकळी, पूर्ण नाही. नवीन पत्रात मुगाची सालीची डाळ आली, सोललेलं सफरचंद आलं, शेंगदाण्याचं कूट पण आलं, एकदम बारीक. मावशींनी त्याच दिवशी साबुदाण्याची खिचडी केली म्हणे, मेन्यूत नसताना. मक्याची ओळ मात्र तशीच आहे, आणि तिच्याखाली कुणीतरी लाल पेनाने दोनदा रेघ मारलीये.