एका श्वासाची गोष्ट लिहिताना : माझा अनुभव

पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी एका श्वासाचा नाकापासून रक्तापर्यंतचा प्रवास गोष्टीच्या रूपात लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. नाक, घसा, स्वरयंत्र आणि श्वासनलिका हा भाग एका बैठकीत झाला. जानेवारीतल्या पहाटेची थंड, कोरडी हवा नाकपुडीत शिरते, केसांना धूळ देऊन पुढे सरकते, आतल्या ओल्या आणि उबदार घड्यांवरून जाताना जवळजवळ शरीराइतकी गरम आणि दमट होते, हे लिहायला काही कष्ट पडले नाहीत. गाडे अडले ते शेवटच्या पावलावर, जिथे ओलांडायचे अंतर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असते.

वायुकोशाची भिंत आणि तिला बिलगून असलेल्या केशवाहिनीची भिंत मिळून एवढीच जाडी भरते. ती ऑक्सिजन कसा ओलांडतो, हे मी गोष्टीत दीड पान खर्चून लिहिले होते. ज्या संपादक मंडळाकडे गोष्ट गेली, त्यांनी बरेच दिवस ती ठेवून घेतली आणि मग त्या दीड पानावर आडवी रेघ मारून समासात लिहिले : ‘रक्त ऑक्सिजन ओढून घेते, एवढे पुरे.’ त्या रेघेचा राग अजूनही पुरता गेलेला नाही, कारण रक्त काहीही ओढून घेत नाही. तिथे पंप नाही, झडप नाही आणि ऑक्सिजनला आत घेणारा पहारेकरीही नाही. रक्त खरोखरच ओढून घेत असते, तर सुमारे ३५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये उतरताच माणसाला धाप लागली नसती. तिथल्या हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते. फक्त हवा विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासात त्याचे रेणू कमी येतात, आणि भिंतीच्या अलीकडे गर्दी कमी झाली की पलीकडे जाणारेही कमी होतात.

ही गर्दीच मुलांना दाखवायची होती. वायुकोशातल्या ऑक्सिजनचा दाब, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजला तर, सुमारे १०० असतो आणि शरीरभर फिरून फुफ्फुसात परतलेल्या रक्तातल्या ऑक्सिजनचा सुमारे ४०. म्हणून मी शेजारशेजारचे दोन वर्ग घेतले, मधले दार उघडे ठेवले, एका वर्गात १०० आणि दुसऱ्यात ४० मुले घातली आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. आता कोणालाच कुठे जायचे ते ठाऊक नाही. प्रत्येक दहा मुलांपैकी एक चुकून दारातून पलीकडे गेले, असे धरले तर इकडून १० जातील आणि तिकडून ४ येतील. कोणी बोलावले नाही, कोणी ढकलले नाही, तरी दुसऱ्या वर्गात ६ मुले वाढली. विसरण म्हणतात ते हेच, आणि परत येणारी ४ मुले गोष्टीतून गाळली तर ते मुळीच कळत नाही.

मंडळातल्या एका शिक्षकांनी यावर विचारलेला प्रश्न मात्र रास्त होता. असे चालू राहिले तर दोन्ही वर्गांत ७०-७० मुले होऊन खेळ थांबेल. मग फुफ्फुसातून निघणाऱ्या रक्तात दाब १०० च्या जवळ कसा पोहोचतो? याचे उत्तर दोन्ही वर्गांत आहे. पहिल्या वर्गात बाहेरच्या फाटकातून नवी मुले येत राहतात, कारण श्वास थांबलेला नसतो. दुसऱ्या वर्गात बाके आहेत. जे मूल बाकावर बसले ते धावत नाही, म्हणून ते दारातून परत येण्याचा प्रश्नच उरत नाही. ही बाके म्हणजे तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन, आणि त्याच्या प्रत्येक रेणूवर ऑक्सिजनच्या चार रेणूंना जागा असते. दाब ठरतो तो फक्त मोकळ्या, धावणाऱ्या ऑक्सिजनवर. बाके भरत असतात तोवर दुसऱ्या वर्गातली धावपळ हळू वाढते, बाके जवळजवळ भरली की मग दोन्हीकडे सारखी होते. स्वस्थ बसलेल्या माणसाची तांबडी पेशी वायुकोशाजवळून सुमारे पाऊण सेकंदात पुढे जाते, आणि हे सगळे त्याच्या साधारण पहिल्या एक-तृतीयांश वेळातच उरकते. या हिशेबानंतर रेघ मागे घेतली गेली. दीड पानाचे पाऊण पान मात्र झालेच.

मंडळाचा दुसरा आग्रह असा होता, की गोष्टीचा नायक शेवटपर्यंत एकच असावा. नायक ‘श्वास’ असेल तर हे शक्य नाही, म्हणून असे काही लिहिणाऱ्याने लेखणी हाती घेण्यापूर्वीच नायक ऑक्सिजनचा एक रेणू ठरवावा. हिशेब सरळ आहे. शांत बसलेला मोठा माणूस एका श्वासात सुमारे ५०० मिलिलीटर हवा घेतो, आणि त्यात ऑक्सिजन साधारण १०५ मिलिलीटर असतो. शरीर मिनिटाला जवळपास २५० मिलिलीटर ऑक्सिजन वापरते. मिनिटाला १४ श्वास धरले तर एका श्वासामागे रक्तात जातो तो फक्त १८ मिलिलीटर, म्हणजे चार लहान चमचेसुद्धा नाही. उरलेला ऑक्सिजन आणि जवळजवळ सगळा नायट्रोजन आल्या वाटेने परत जातो. ‘आपण ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो’ हे वाक्य पाठ असलेल्या मुलांना उच्छ्वासात ऑक्सिजन उरतच नाही असे वाटते; तो १६ ते १७ टक्के असतो, हे गोष्टीत कुठेतरी आलेच पाहिजे. बुडालेल्या माणसाला तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो तो यामुळेच.

नायक रेणू ठरला तरी तो श्वासाच्या सुरुवातीलाच नाकात शिरलेला असावा. त्या ५०० पैकी शेवटचे सुमारे १५० मिलिलीटर नाक, श्वासनलिका आणि तिच्या फांद्यांतच राहतात आणि वायुकोशाचे तोंडही न पाहता बाहेर पडतात. वायुकोशात सर्वांत आधी शिरते ती तर मागच्या उच्छ्वासातली, वाटेत राहून गेलेली वापरलेली हवा असते. तिच्या मागून आपला रेणू येतो, आणि शेवटच्या बारीक फांद्यांत हवेचा प्रवाह इतका मंदावतो, की तिथून पुढे तो वाऱ्याबरोबर वाहत नाही, स्वतःच भटकत भिंतीपाशी पोहोचतो. माझ्या मते गोष्टीतले सर्वांत सुंदर वळण हे आहे, आणि त्यावर कोणीच रेघ मारली नाही.

चित्रकाराला एक गोष्ट लेखी द्यावी. फुफ्फुसात येणारे रक्त निळे रंगवण्याची पद्धत आहे. ते प्रत्यक्षात गडद लाल असते आणि ऑक्सिजन मिळाल्यावर उजळ लाल होते. माझ्या गोष्टीच्या पहिल्या चित्रात ते शाईसारखे निळे होते, आणि ते बदलून येईपर्यंत अंक छपाईला गेलेला होता.