आत्याच्या लग्नाची कॅसेट मोठ्या टीव्हीवर: काय परत आलं, काय नाही

माझ्या आजोबांचं हलतं-बोलतं चित्रण आमच्याकडे एकच आहे. १९९४ साली पंचवटीतल्या एका कार्यालयात आत्याचं लग्न झालं, त्याची व्हीएचएस कॅसेट. गावातल्या एका दुकानातून ती बऱ्याच वर्षांपूर्वी एमपी४ करून घेतली होती. लहान टीव्हीवर चालून जायची. गंगापूर रोडच्या घरी ५५ इंची टीव्ही आला आणि त्यावर ती लावली, तेव्हा सगळी माणसं रुंद दिसायला लागली, अक्षता टाकणारे हात दुहेरी दिसायला लागले आणि आजोबांच्या गांधी टोपीचा नुसता पांढरा ठिपका झाला.

सगळेजण म्हणाले, सॉफ्टवेअरने क्लिअर करून घे. मी आधी फाइल तपासली. चित्र ६४० बाय ४८०, सेकंदाला २५ फ्रेम, आणि १६:९ मध्ये ताणलेलं. ताणलेलं चित्र सरळ करता येतं, त्याची काळजी नव्हती. काळजी होती ती दुहेरी हातांची.

आपल्याकडच्या पाल पद्धतीत एका फ्रेममध्ये दिसणाऱ्या ५७६ ओळी असतात, पण कॅमेरा त्या सगळ्या एकदम टिपत नाही. आधी एकाआड एक अशा २८८ ओळी टिपतो, मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने उरलेल्या २८८. या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात. म्हणजे कॅसेटवर सेकंदाला २५ फ्रेम असल्या तरी क्षण ५० असतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर ते ५० क्षण एकामागून एक दिसायचे, म्हणून हालचाल सुरळीत वाटायची. दुकानाच्या फाइलीत दोन-दोन फील्ड एकमेकांत मिसळून एक फ्रेम केली होती, वर ५७६ ओळी ४८० मध्ये दाबल्या होत्या. एकदा मिसळलेले दोन क्षण पुन्हा धडपणे वेगळे होत नाहीत. वरून कितीही भारी सॉफ्टवेअर लावा, ते त्या दुहेरी हाताचीच रेघ ठळक करणार. त्यामुळे पुन्हा मूळ कॅसेटकडे जायचं ठरलं.

कॅसेट आत्याकडे सिन्नरला होती. तिने फोनवर आधीच सांगितलं, "अगं, ती लावून कितीतरी वर्षं झाली, टेप तुटली तर?" टेपच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते आणि तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही, कारण हेड खराब होतात आणि बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ही स्वच्छ निघाली. इंदिरानगरच्या काकांनी त्यांचा व्हीसीआर दिला. टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घेतली, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. व्हीसीआर आणि त्याचा सिग्नल संगणकात उतरवून घेणारं कॅप्चर कार्ड यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला. तो रेकॉर्डिंग करत नाही, नुसता सिग्नल आरपार जाऊ देतो, पण काही रेकॉर्डर तेवढ्यात प्रत्येक ओळीची सुरुवात सरळ करून देतात. मांडवाचे खांब आधी नागमोडी डोलत होते, ते उभे राहिले. हे काम सिग्नलमध्येच करावं लागतं. डोललेलं चित्र फाइलीत उतरलं की मग ते सरळ करणं फार अवघड होतं.

टोपीचा प्रश्नही इथेच सुटला. डिजिटल व्हिडिओत पांढऱ्याची ठरलेली पातळी २३५ असते आणि तिच्या वर २५५ पर्यंत थोडी जागा मोकळी असते. लग्नाच्या शूटिंगला तो हॅलोजन तोंडावर धरलेला असायचा, त्यामुळे टेपवरचा पांढरा रंग सर्रास त्या पातळीच्या वर जातो. नेहमीच्या रूपांतरात २३५ च्या वरचं सगळं सपाट कापलं जातं. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर करताना हिस्टोग्राम, म्हणजे चित्रात कोणत्या उजेडाचे ठिपके किती ते दाखवणारा आलेख, लावता येतो. त्याच्या उजव्या टोकाच्या लाल पट्ट्यात रेघा चढत होत्या. त्या आत येईपर्यंत मी कॅप्चर कार्डाचा कॉन्ट्रास्ट कमी केला आणि मग लॉसलेस, म्हणजे दाबताना काहीही न गमावणारी, फाइल घेतली. अशा फाइलीला तासाला साधारण ३० जीबी जागा लागते. नव्या फाइलीत आजोबांच्या टोपीची मधली घडी दिसली, धोतराच्या चुण्या दिसल्या. ते सगळं टेपवर पहिल्यापासून होतं. मात्र हॅलोजनच्या अगदी समोर उभ्या असलेल्या भटजींचं कपाळ पांढरंच राहिलं. तिथे कॅमेऱ्यानेच काही टिपलेलं नव्हतं आणि ते कशानेही येत नाही.

मग डीइंटरलेसिंग, म्हणजे एकमेकांत विणलेल्या फील्ड सोडवून पूर्ण फ्रेम करणं. फाइल व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस बंद ठेवून थांबवली, की हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दात दिसतात. ते दिसले तर समजायचं, दोन्ही फील्ड शाबूत आहेत. प्रत्येक फील्डपासून एक पूर्ण फ्रेम करून सेकंदाला ५० फ्रेम काढायच्या. मी एफएफएमपेग वापरलं:

```
ffmpeg -i lagna.avi -vf "bwdif=mode=send_field:parity=tff,crop=704:576:8:0,scale=1440:1080:flags=lanczos,setsar=1" -c:v libx264 -crf 16 -pix_fmt yuv420p -c:a aac lagna.mp4
```

`tff` म्हणजे वरची फील्ड आधी. माझ्या कार्डाची फाइल तशी होती, डीव्ही कॅमेऱ्याची असेल तर `bff` लागतं. हे उलटं पडलं की चालणारा माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा थरथरत चालतो, त्यामुळे लगेच कळतं. फाइलीच्या ७२० पिक्सेल रुंदीतल्या दोन्ही बाजूंच्या आठ-आठ पिक्सेलांत चित्र जवळपास नसतंच, म्हणून ते कापले. उरलेलं ४:३ चित्र १४४० बाय १०८० केलं. त्यापुढे ४के पर्यंत टीव्ही स्वतःच वाढवून घेतो.

या एका पायरीने जो फरक पडला तो पुढे कशानेच पडला नाही. पंगतीत आजोबा आग्रह करत फिरतात तो भाग लावला आणि बाबा लगेच म्हणाले, "चालताना डावा पाय जरा ओढायचे बघ ते." दुकानाच्या फाइलीत ती चाल मिसळून गेली होती.

आता चेहरा. बाबांची इच्छा होती की पंगतीतला आजोबांचा चेहरा नीट दिसावा, कारण तिथे ते हसतायत. मी आधी हिशोब मांडला. व्हीएचएसची आडवी क्षमता साधारण २४० ओळींची, आणि ती मोजतात चित्राच्या उंचीइतक्या रुंदीत. म्हणजे ४:३ च्या पूर्ण रुंदीत वेगळे ओळखू येतील असे ठिपके सुमारे ३२०. त्या दृश्यात आजोबांचा चेहरा रुंदीच्या सोळाव्या भागाएवढा आहे. फाइलीत तो ४५ पिक्सेल भरतो, पण टेपवरचा खरा तपशील २० ठिपक्यांचाच. चष्म्याची काडी त्यातल्या एका ठिपक्यातही मावत नाही. रंगाचं तर आणखी कमी, सुमारे ४० ओळी, म्हणजे अख्ख्या चेहऱ्याला रंगाचे तीन ठिपके. आत्याच्या शालूचा लाल रंग कडेबाहेर ओघळलेला दिसतो तो यामुळेच.

शेजारच्या फील्डची मदत होते, पण कशाला हे नीट समजून घ्यायला हवं. टेपवरची मुंगी, म्हणजे चित्रभर वळवळणारे बारीक ठिपके, प्रत्येक फील्डमध्ये वेगळी असते आणि चेहरा तोच असतो, म्हणून स्थिर भागाच्या नऊ फील्डची सरासरी घेतली की मुंगी साधारण एक तृतीयांश उरते. चित्र शांत होतं, डोळ्याला बरं वाटतं. पण चष्म्याची काडी नवव्याही फील्डमध्ये नसते. टेपवर उतरण्याआधीच जो बारकावा गाळला गेला, तो सरासरीत कुठून येणार?

तरीही चेहरे सुधारणारी एआय मॉडेल्स पाहायची होती. ती काय करतात हे तपासायचा एक चांगला मार्ग आहे. याच कॅसेटमध्ये अंतरपाट दूर झाल्यावर आत्याचा क्लोजअप आहे, चेहरा पडद्याच्या तिसऱ्या भागाएवढा. मी त्यातली एक फ्रेम घेतली, चेहरा २० पिक्सेल रुंद होईल इतकी लहान केली, आणि ती जीएफपीगॅन या चेहरे सुधारणाऱ्या मॉडेलला दिली. उत्तर काय यायला हवं ते माझ्यासमोरच होतं.

आलेला चेहरा सुंदर आणि अगदी रेखीव होता. पापण्यांचे केस दिसत होते. पण नथ गेली होती, तिच्या जागी नाकाखाली नुसती सावली. हनुवटीवरचा तीळ गेला. मुंडावळ्यांच्या दोऱ्यांचे केस झाले. कुंकू उरलं ते फिकट डागासारखं. हे मॉडेल एफएफएचक्यू या ७०,००० चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकलेलं आहे, आणि ते फोटो फ्लिकरवरून गोळा केलेले. अशा २० ठिपक्यांत बसेल असा कोणता चेहरा त्या सत्तर हजारांच्या मानाने शक्य आहे, ते मॉडेल सांगतं. आत्याचा कोणता होता ते त्याला ठाऊक असायचं कारण नाही. क्लोजअप समोर नसता, तर मला त्या चेहऱ्यात काही खटकलंही नसतं. त्यामुळेच मला ते धोक्याचं वाटतं.

अक्षरांचंही तसंच झालं. मांडवाच्या फलकावर मोठं ‘शुभविवाह’ वाचता येतं, खालची लहान नावं नाही. रिअल-ईएसआरगॅन या चित्र मोठं करणाऱ्या मॉडेलने त्या जागी छान शिरोरेषा काढली आणि तिच्या खाली एकही खरं अक्षर नव्हतं. शिवाय ते प्रत्येक फ्रेम वेगळी धरून काम करत असल्याने आकार दर क्षणाला बदलत होते. शालूचं जरीकाम थांबलेल्या चित्रात झकास, चालू केलं की वळवळतं.

म्हणून बाबांना आजोबांचा टेपवरचा आणि मॉडेलने केलेला असे दोन्ही चेहरे शेजारी-शेजारी दाखवून, आत्याचा प्रयोगही दाखवून, आम्ही आजोबांचा धूसर चेहराच ठेवला. माझं यावर ठाम मत आहे: ज्या माणसाचा दुसरा फोटो घरात नाही, त्याच्या चेहऱ्याला असलं मॉडेल लावू नये. दहा वर्षांनी घरातली मुलं तोच चेहरा खरा समजतील. सिनेमासाठी, सजावटीच्या दृश्यांसाठी खुशाल वापरावं. आम्ही कार्यालयाच्या बाहेरच्या रोषणाईला हलक्या प्रमाणात वापरलंही.

शेवटचं काम टीव्हीचं. शार्पनेस शून्यावर आणला, कारण टीव्ही प्रत्येक कडेला पांढरी किनार चढवत होता. चित्राचा आकार ‘मूळ’ वर ठेवला म्हणजे ४:३ ताणलं जात नाही, आणि हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद केलं, कारण ५० फ्रेम आपल्याकडे खऱ्याच आहेत. लॉसलेस मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवली आहे, एक आमच्याकडे आणि एक सिन्नरला. आत्याकडे हळदीची आणखी एक कॅसेट निघाली आहे. तिच्या टेपच्या कडेला मात्र पांढरी भुकटी आहे, त्यामुळे ती आधी साफ करणाऱ्याकडे द्यायची आहे.