जर्मनीतल्या मॅडमना पाठवलेला तो ईमेल: पीएचडी गाईड मिळवायचा माझा अनुभव

एमएस्सी जिऑलॉजी झालं तेव्हा पीएचडी भूजलावर आणि जमलं तर जर्मनीत करायची एवढंच डोक्यात होतं. तिकडे ढोबळमानाने दोन रस्ते आहेत. एकात प्रोजेक्टचे पैसे आधीच आलेले असतात, जाहिरात निघते, आपण नोकरीसारखा अर्ज करतो आणि टीव्ही-एल ई-१३ या तिथल्या सरकारी पगार-स्केलच्या अर्ध्या-पाऊण पगारावर लागतो. दुसऱ्यात जाहिरात वगैरे काही नसतं, आपणच गाईड शोधायचा आणि डाड या जर्मन संस्थेसारख्यांच्या स्कॉलरशिपला अर्ज करायचा, पण डाड त्या अर्जासोबत गाईडचं लेखी संमतीपत्र मागतं, म्हणजे आधी ओळख ना पाळख अशा माणसाकडून 'हो' आणायचं. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पाण्यावर जाहिरात निघायची वाट बघत बसले असते तर म्हातारी झाले असते, म्हणून मी दुसरा रस्ता धरला.

आधी कोणाला लिहायचं ते. युनिव्हर्सिटीच्या वेबसाईटवरून नावं उचलण्यात अर्थ नाही, कारण तिथे रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेले पण असतात आणि पोस्टडॉक पण असतात. पोस्टडॉक मंडळी उत्तरं छान देतात, पण फॅकल्टीच्या नियमांप्रमाणे मुख्य गाईड बहुतेक वेळा प्राध्यापकच लागतो. मला कामाला आला तो डीएफजीचा, म्हणजे संशोधनाला पैसे देणाऱ्या जर्मन संस्थेचा, गेप्रिस डेटाबेस. तिथे कोणाला कुठल्या विषयासाठी पैसे मिळाले आणि काम चालू आहे की संपलं ते सगळं दिसतं. खडकांच्या भेगांतून पाणी खाली मुरतं त्या रिचार्जवर काम करणाऱ्या एक मॅडम मला तिथेच सापडल्या आणि मग मी त्यांचे पेपर वाचायला घेतले, सारांश नाही, शेवटचा भाग, जिथे माणूस स्वतःच सांगतो की आम्हाला हे जमलं नाही.

त्यांचे सगळे सॅम्पल बोअरचे होते. माझा थीसिस पुरंदरकडच्या एका छोट्या पाणलोटावर होता, त्यात मी बोअर आणि जवळची विहीर असं जोडीने पाणी घेतलं होतं आणि दोन्हीचे ऑक्सिजन-हायड्रोजनचे आयसोटोप काढले होते. दोन्ही आकडे एका आलेखावर मांडले की पावसाचं पाणी एका सरळ रेषेवर येतं, आणि उन्हाळ्यात विहिरीचं पाणी त्या रेषेवरून बाजूला सरकतं, कारण बाष्पीभवन. आता हे बाष्पीभवन उघड्या विहिरीत झालंय की पाणी खाली मुरायच्या आधी मातीत झालंय? उघड्या पाण्याचं असेल तर सरकलेल्या पाण्याच्या रेषेचा उतार साधारण ४ ते ६ येतो, मातीतलं असेल तर त्याहून कमी. माझा ४ च्या जवळ येत होता, म्हणजे दोन्हीकडे बोट दाखवता येईल असा. तो प्रश्न माझ्याकडे तसाच पडून होता आणि ईमेल त्याच्यावरच उभा राहिला.

सिनिअर्सकडून फिरत आलेला जो नमुना असतो ना, 'रिस्पेक्टेड सर' ने सुरू होऊन 'युवर एस्टीम्ड ग्रुप' वर संपणारा, तो मी बाजूला ठेवला. त्यात फक्त नाव बदललं की तो कोणालाही जातो आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीतच कळतं. सब्जेक्टमध्ये मी तीनच गोष्टी टाकल्या: पीएचडी सुपरव्हिजन, डाड, बेसॉल्टमधलं रिचार्ज. पहिल्या परिच्छेदात मी कोण आणि काय मागतेय. दुसऱ्यात त्यांचा कुठला पेपर, त्यात बोअरच का घेतले असावेत, माझ्या विहिरींत काय दिसलं आणि वरचा प्रश्न. तिसऱ्यात पैशाचं सरळ लिहिलं की मी डाडच्या डॉक्टरल ग्रांटला अर्ज करणार आहे, तुमच्या प्रोजेक्टमधून पगार नकोय, संमतीपत्र हवंय. आपल्याकडे पैशाचं बोलायला लाज वाटते, पण समोरच्याला आधी हीच शंका येते की ही मला परवडणार का. शेवटी एकच विचारलं, अर्ध्या तासाचा कॉल होईल का. सगळं मिळून मोबाईलच्या दोन स्क्रीन.

सोबत एकच पीडीएफ: सीव्ही, मार्कलिस्ट आणि एक आलेख. प्रपोजल नाही जोडलं, न मागितलेलं दहा पानी प्रपोजल कोण वाचणार. मार्कांचं मात्र बघा, त्यांच्याकडे १ म्हणजे सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे जेमतेम पास, त्यामुळे सीजीपीए ८.१ त्यांना काहीच सांगत नाही. तिकडे बव्हेरियन फॉर्म्युला चालतो: कमाल गुणांतून आपले वजा करायचे, त्याला कमाल वजा पास गुणांनी भागायचं, ३ ने गुणायचं आणि १ मिळवायचा. आमच्याकडे पास ४ ला, म्हणजे १.९ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, आले १.९५. सीव्हीत दोन्ही आकडे लिहिले.

पाठवला मंगळवारी, त्यांच्या सकाळी. ऑगस्ट टाळला, कारण तेव्हा अर्धी जर्मनी सुट्टीवर असते आणि परत आल्यावर आपला ईमेल ढिगाऱ्याच्या तळाशी. थोडे आठवडे शांतता. मग त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण टाकली आणि त्यात नुसतं 'वाचलंत का' नाही विचारलं, पावसाळ्यानंतरचे नवे आकडे आले होते त्याचा आलेख जोडला.

उत्तर आलं ते पण इतकंच, की पैसे नाहीयेत, डाड असेल तर बोलू, आणि विहिरीतलं पाणी बादलीने काढलंत की पंप चालवून? हा प्रश्न वाचला आणि मी खूश, कारण म्हणजे मॅडमनी आलेख खरंच बघितला होता. वरून बादलीने घेतलेलं पाणी हे उन्हात तापलेलं पाणी असतं, त्यात बाष्पीभवन दिसणारच. मी पंपाच्या पाईपमधून घेतलं होतं, मोटर अर्धा तास चालू दिल्यावर. पण मोटरची थ्री फेज लाईट आमच्याकडे आठवड्यात काही दिवस रात्रीच येते, त्यामुळे काही सॅम्पल मध्यरात्रीनंतरचे, शेतकरी दादा बॅटरी धरून उभे आणि मी बाटली तोंडापर्यंत भरतेय, हवेचा बुडबुडा राहता कामा नये म्हणून. कॉलवर त्यांनी सगळ्यात जास्त हेच विचारलं. वेळा वहीत लिहिलेल्या होत्या त्यामुळे रात्रीचे आणि दिवसाचे सॅम्पल वेगळे करून दाखवता आले. थिअरी फार नाही विचारली. शेवटी म्हणाल्या, एक पान लिहून पाठव.

त्या एका पानाच्या तीन आवृत्त्या झाल्या. पहिल्यात मी सगळा महाराष्ट्र घेतला होता, त्यांनी लाल करून एकच पाणलोट ठेवला आणि मातीचं पाणी वेगळं काढून मोजायचं काम त्यात घातलं, म्हणजे माझ्या ४ च्या उताराचा निकाल लागेल. मग संमतीपत्र आलं, लेटरहेडवर: विषय, कालावधी, लॅब वापरायला मिळेल, गाईड मी होईन. एक गोष्ट नीट समजून घ्या, हे पत्र म्हणजे ॲडमिशन नाही. फॅकल्टीकडे डॉक्टरंड म्हणून नोंद वेगळी करावी लागते, तिथे डिग्री तपासतात आणि आपली युनिव्हर्सिटी त्यांच्या अनाबिन डेटाबेसमध्ये एच-प्लस, म्हणजे मान्यता असलेली, आहे का तेही बघतात. ते मी आधीच बघून ठेवलं होतं. डाडमध्ये अजून एक अट, मागची डिग्री साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी नको, त्यामुळे नोकरी करून मग बघू म्हणणाऱ्यांनी आधी तारीख मोजा.

बाकी ज्यांना लिहिलं होतं त्यातल्या बऱ्याच जणांकडून काहीच आलं नाही. एका सरांनी 'माझ्याकडे जागा नाही, पण या सहकाऱ्याला लिही' म्हणून नाव दिलं, तोवर माझं पत्र आलेलं होतं, तर ते नाव मी एका ज्युनिअरला दिलं. तिचा विषय दगडांचा नाही, नदीच्या गाळाचा आहे, आणि तिचा ईमेल सध्या तिसऱ्यांदा लिहिला जातोय.