हजार नावांतली एक ओळ

«देव एकच आहे म्हणता, मग त्याला हजार नावं कशाला? आणि तीच नावं पुढं माणसांना कशी काय लागली?»

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि सुरुवात भीष्मांपासूनच करतो, कारण याचं उत्तर त्यांनी नावं सुरू करण्याआधीच देऊन ठेवलंय. विष्णुसहस्रनाम महाभारताच्या अनुशासनपर्वात येतं. तिथं भीष्म युधिष्ठिराला म्हणतात, «यानि नामानि गौणानि विख्यातानि महात्मनः». मराठीत गौण म्हणजे दुय्यम, पण इथं तो अर्थ नाही. गौण म्हणजे गुणावरून पडलेलं. ऋषींनी गायलेली, गुणांवरून प्रसिद्ध झालेली नावं सांगतो, असं ते म्हणतायत. म्हणजे ही हाक मारायच्या नावांची यादी नाही. ही हजार वर्णनं आहेत, आणि प्रत्येक वर्णन देवाबद्दल एकेक गोष्ट सांगतं. गुण कितीही सांगता येतात, म्हणून नावंही कितीही होतात.

याचा पुरावा त्या स्तोत्रातच सापडतो. शंकराचार्यांच्या नावानं असलेल्या भाष्यातली मोजणी धरली तर «वासुदेव» हे नाव तीन वेळा येतं: 332, 695 आणि 709 व्या क्रमांकाला. खुद्द «विष्णु» हे नावही तीनदा आहे. ती नुसती हाकेची नावं असती तर एकच नाव पुन्हा मोजणं चूक ठरलं असतं आणि हजाराची बेरीजही बुडाली असती. भाष्य तसं मानत नाही, कारण दर वेळी अर्थ वेगळा लावता येतो. 695 ला वासुदेव म्हणजे सरळ वसुदेवाचा मुलगा. इतर ठिकाणी मात्र «वासु» म्हणजे सर्वांत राहणारा, सर्वांना राहायला जागा देणारा किंवा जग झाकून टाकणारा, आणि तोच देव. अक्षरं तीच राहिली तरी सांगणं बदललं, म्हणून नाव वेगळं मोजलं.

वर्णनावर कुणा एका देवाची मालकी नसते, हेही इथं दिसतं. याच विष्णूच्या यादीत «सर्वः शर्वः शिवः स्थाणुः» असे शब्द ओळीनं येतात. शिव म्हणजे मंगल, आणि मंगल विष्णूही आहे. सोलापुरात एकाच घरात सिद्धेश्वराचा नंदीध्वज आणि पंढरीची वारी दोन्ही चालतात. तिथं हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता एक श्लोक जवळून पाहू, कारण नाव कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं यातच बहुतेकांची गल्लत होते.

भूतावासो वासुदेवः सर्वासुनिलयोऽनलः ।
दर्पहा दर्पदो दृप्तो दुर्धरोऽथापराजितः ॥

यात 708 ते 716 अशी नऊ नावं आहेत. भूतावास, म्हणजे सगळी भूतं ज्याच्यात राहतात तो. मग वासुदेव. मग सर्वासुनिलय: असु म्हणजे प्राण, तेव्हा सगळ्या प्राणांचं घर. पुढचं नाव ऐकताना «नल» वाटतं, पण ते «अनल» आहे. आधीच्या विसर्गाचा ओ झाला आणि पुढचा अ त्यात बुडाला. त्या बुडालेल्या अ ची खूण म्हणजे ऽ हा अवग्रह. स्वस्तातल्या पोथीत तो छापायचा राहून गेला की नाव बदललंच म्हणून समजा. भाष्यकार इथं अनल म्हणजे अग्नी असं म्हणत नाहीत. ज्याच्या सामर्थ्याला «अलम्», म्हणजे पुरे, अशी सीमा नाही तो अनल, असा अर्थ ते घेतात.

दुसऱ्या ओळीत दर्पहा आणि दर्पद शेजारी बसलेत. एक गर्व मोडणारा आणि दुसरा गर्व देणारा, म्हणजे अर्थानं उलटे. भाष्य म्हणतं की वाट सोडून चालणाऱ्यांचा तो गर्व मोडतो आणि धर्मानं चालणाऱ्यांना अभिमान देतो. हजार नावांचं काम काय, ते मला या दोन नावांइतकं स्पष्ट दुसरीकडं कुठं दिसत नाही. यातलं कुठलंही एक एकटं ठेवलं तर देवाबद्दल अर्धवट सांगितलं जातं. पुढं दृप्त, म्हणजे आपल्याच आनंदात भरलेला, आणि दुर्धर, म्हणजे ध्यानात धरून ठेवायला कठीण. मग «अथ». हा अथ नाव नाही, वृत्ताची अक्षरं भरायला घातलेला शब्द आहे. अनुष्टुभाच्या एका चरणात आठ अक्षरं लागतात, म्हणून अधूनमधून अशी भर पडते. तो बाजूला काढला की उरतं «अपराजित». हे मात्र आज मुलाचं नाव म्हणून सर्रास ऐकू येतं.

नऊपैकी वासुदेव आणि अपराजित हीच माणसांत उतरली. दर्पहा नावाचा मुलगा कुणी पाहिला नसेल. असं का होतं?

पहिलं कारण विधीतलं आहे. बारशाच्या नामकरणात बाळाला एकच नाव देत नाहीत. देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहाराचं नाव अशी चार नावं सांगतात. मासनामांची यादी ठरलेली आहे: कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन, उपेंद्र, यज्ञपुरुष, वासुदेव, हरी, योगीश, पुंडरीकाक्ष. म्हणजे देवाचं विशेषण महिन्याला बांधलं गेलं आणि त्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला आलं. पण या बारांतलीही सगळी टिकली नाहीत. अनंत, अच्युत, जनार्दन, वासुदेव, हरी घराघरांत गेली आणि चक्री, यज्ञपुरुष तांदळात लिहिण्यापुरती राहिली.

टिकतं ते नाव, जे ऐकताना वर्णन वाटेनासं होतं. «गोविंद» म्हटल्यावर कुणी गाई शोधत नाही. तो शब्द रोजच्या बोलण्यात दुसऱ्या कुठल्या कामाला लागत नाही, म्हणून तो नाव व्हायला मोकळा. «महान्», «स्थिर», «सर्व» हीसुद्धा सहस्रनामातली नावंच आहेत, पण मराठीत ती रोजची विशेषणं आहेत. «स्थिर आला का?» असं विचारलं तर ऐकणारा अडखळेल.

दुसरं कारण हाकेतलं. भागवताच्या सहाव्या स्कंधात अजामिळाची कथा आहे. मरताना त्यानं धाकट्या मुलाला «नारायणा» अशी हाक मारली आणि त्या उच्चारानंच तो तरला. मुलाला देवाचं नाव ठेवलं की दिवसातून दहादा ते तोंडी येतं, ही समजूत आपल्याकडं या कथेवर उभी आहे. म्हणून हाकेला सोपं, दोन-तीन-चार अक्षरांचं नाव निवडलं जातं. सर्वासुनिलय अंगणातून ओरडून बघा.

सोलापुरात मात्र हा प्रवास उलट्या दिशेनंही झालाय, आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. सिद्धराम हे बाराव्या शतकातल्या माणसाचं नाव. श्रीशैलाच्या मल्लिकार्जुनाचे ते भक्त. त्यांच्या कन्नड वचनांत «कपिलसिद्धमल्लिकार्जुन» ही अंकित, म्हणजे नाममुद्रा येते. तुकोबांच्या अभंगात «तुका म्हणे» येतं, तिथं कवीचं नाव असतं. इथं कवी आपली खूण म्हणून देवाचं नाव ठेवतो. सोलापूरभोवती त्यांनी 68 लिंगं स्थापली असं मानतात, आणि संक्रांतीच्या यात्रेत तैलाभिषेकाला नंदीध्वज त्या लिंगांना जातात.

लिंगाला स्थापणाऱ्याचं नाव द्यायचं आणि पुढं «ईश्वर» लावायचं, ही दक्षिणेतली जुनी रीत. पट्टदकलला आठव्या शतकात राणी लोकमहादेवीनं बांधवलेल्या देवळाचं मूळ नाव लोकेश्वर होतं. आज आपण त्याला विरूपाक्ष म्हणतो. त्याच रीतीनं सिद्धरामांच्या नावापुढं ईश्वर लागून सिद्धरामेश्वर आणि सिद्धेश्वर झालं. माणसाचं नाव देवाला गेलं, आणि देवाचं झालेलं ते नाव पिढ्यान्‌पिढ्या सोलापूरच्या पोरांना मिळालं. आणि «सिद्ध» हे विष्णूचं 97 वं नावही आहेच.

शहरात मराठी, कन्नड आणि तेलुगू एकत्र नांदत असल्यामुळं पुढची पायरीही इथं रोज दिसते. सिद्धरामाचा सिद्राम होतो, सिद्धप्पा होतो, सिद्धय्या होतो. मल्लिकार्जुनाचा मल्लप्पा आणि मल्लय्या. नरसिंहाचा मराठी घरात नरसिंगराव, कन्नड घरात नरसप्पा आणि तेलुगू पद्मशाली घरात नरसय्या. व्यंकटेशाचा व्यंकप्पा होताना त्यातला «ईश» गळून जातो, तरी कुणाचं काही अडत नाही. समास मोडला, अर्थ निसटला आणि हाक मात्र चालू राहिली, की ते वर्णन माणसाचं नाव झालं म्हणून समजावं.

सहस्रनामातून नाव काढायचं असेल तर श्लोकांवरून काढू नका, नामावलीवरून काढा. तुळशीअर्चनाला एकेका नावाला एकेक पान वाहतात, तेव्हा म्हणतात ती. तिथं «नमः» मुळं प्रत्येक नाव चतुर्थी विभक्तीत सुटं असतं, त्यामुळं संधीचा घोळ राहत नाही. अपराजिताय वरून अपराजित, विष्णवे वरून विष्णु, अमानिने वरून अमानी, दर्पघ्ने वरून दर्पहा. पहिल्याच नावाला «विश्वस्मै नमः» छापलं असेल तर ती छपाईची चूक समजू नका. विश्व हा शब्द संस्कृतात सर्वनामासारखा चालतो, म्हणून तसं रूप होतं.

मग नावाच्या सुरुवातीचा अ तपासा. «अमानी» म्हणजे गर्व नसलेला. अ गळला तर मानी उरतो, म्हणजे नेमका उलटा अर्थ. तसंच पहिल्या अक्षराचा काना. वासुदेव म्हणजे कृष्ण आणि वसुदेव म्हणजे त्याचा बाप. दाखल्यावर काना राहून गेला की मुलाच्या जागी बापाचं नाव लागतं, आणि शाळेच्या रजिस्टरापासून पुढच्या सगळ्या कागदांवर तेच उतरत जातं. सिद्राम, सिद्धराम आणि सिद्धाराम ही तिन्ही रूपं सोलापुरात चालतात आणि तिन्ही बरोबर आहेत, पण जन्मदाखल्यावर पडेल तेच शेवटपर्यंत धरावं लागतं. तेव्हा कुठलं लिहायचं ते बारशालाच ठरवा.