कपामागे ७ रुपये

२०२५ च्या फेब्रुवारीत कॉफी भाजून देणाऱ्या आमच्या रोस्टरने बियांचा नवा भाव कळवला: किलोला ८५० वरून थेट १२०० रुपये. एरंडवण्यातलं आमचं कॅफे छोटं आहे, रोज येणारी माणसं ठरलेली. त्यांना नुसतं ‘महागाईमुळे दर वाढवत आहोत’ असं सांगणं मला पटेना. हिशेब मांडायला बसलो.

प्रत्येक कपात एक डबल शॉट जातो आणि त्याला आम्ही १८ ग्रॅम कॉफी घेतो. म्हणजे किलोत ५५ शॉट बसायला हवेत. पण रोज सकाळी ग्राइंडर लावताना पहिले काही शॉट ओतून द्यावे लागतात, त्यामुळे हाती पन्नासच येतात. वाढलेले ३५० रुपये पन्नास कपांत वाटले की कपामागे ७ रुपये होतात. कॅपुचिनो १४० चा १४७ करायचं ठरलं. बहुतेक जण यूपीआयनेच पैसे देतात, त्यामुळे सुट्ट्यांचा प्रश्न नव्हता.

भाव न वाढवता भागेल का, हेही पाहिलं. १८ ऐवजी १५ ग्रॅम घालून शॉट काढला. पाणी भरभर उतरलं, कप आंबट आणि पातळ लागला. दळण बारीक करून वेळ जुळवली, तरी दुधात चव बुडालीच. मिश्रणात रोबस्टा ही कॉफीची स्वस्त जात वाढवावी म्हटलं, तर तीही महागलेली. तेव्हा नोटीस लिहून काउंटरवर लावली.

पहिला प्रश्न आला रोज सकाळी पेपर घेऊन बसणाऱ्या काकांकडून. “अहो, तुमची कॉफी चिकमगळूरची ना? मग ब्राझीलच्या दुष्काळाचं आमच्या कपात काय काम?”

प्रश्न अगदी रास्त होता. मी त्यांच्यासमोर बसून सांगितलं, “काका, आपल्या देशात पिकणारी बरीचशी कॉफी परदेशी जाते. त्यामुळे मळेवाला भाव ठरवताना न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका आणि लंडनला रोबस्टा काय दराने चाललाय ते बघतो. २०२४ मध्ये ब्राझील आणि व्हिएतनाम दोन्हीकडे पाऊस कमी झाला. या महिन्यात न्यूयॉर्कला अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. निर्यातदार तो भाव देत असेल तर मळेवाल्याने आपल्याला स्वस्त का द्यावी?”

“मग हे लिहा की नोटिशीत,” काका म्हणाले. “आणि चहाचं काय?”

चहाला या बिया लागत नाहीत, म्हणून त्याचा दर तसाच ठेवला होता. पण नोटिशीत तसं म्हटलं नव्हतं. दुपारी मी ती पुन्हा लिहिली:

‘आमच्या कॉफीच्या बिया किलोला ३५० रुपयांनी महाग झाल्या आहेत. भारतातली कॉफीही जागतिक भावानेच विकली जाते. म्हणून कॉफीच्या प्रत्येक कपाला ७ रुपये वाढवत आहोत. कॉफीचं प्रमाण आणि मिश्रण बदललेलं नाही. चहा आणि बन मस्क्याचे दर तेच आहेत. बियांचा भाव उतरला तर याच हिशेबाने दर कमी करू.’

शेवटच्या वाक्यावर बायको म्हणाली, “हे लिहिलंस म्हणजे पाळावं लागेल.” पाळायचं आहे म्हणूनच लिहिलं. आता रोस्टरचं प्रत्येक बिल मी काउंटरखाली जपून ठेवतो. कुणी विचारलं तर दाखवता येतं.