फोटोतलं पाचवं गणित: न दिसणारा घातांक आणि हेक्टर-आरची साखळी

मोबाईलवर काढलेला सरावसंचाचा फोटो होता. सेमी इंग्रजीचं पान, एकूण सहा गणितं, खाली बारीक अक्षरांत उत्तरं. पहिली चार गणितं दहा मिनिटांत झाली. पाचव्यावर मात्र तासभर गेला, आणि गणित अवघड होतं म्हणून नव्हे, तर एकक वाचता येत नव्हतं म्हणून. पान नीट सपाट न करता, उजवी कड वळलेली असताना फोटो काढला की काय होतं ते या एका ओळीत पुरेपूर दिसतं. त्याचा मला अजूनही राग आहे.

ओळ अशी दिसत होती: 640000, पुढे cm आणि त्याच्या डोक्यावर एक काळा ठिपका. मग बरोबरचं चिन्ह, रिकामी जागा, m आणि त्यावरही तसाच ठिपका. पुन्हा बरोबरचं चिन्ह, रिकामी जागा, आणि शेवटचं एकक पानाच्या वळणात अर्धं गेलेलं. तो ठिपका 2 असेल तर गणित क्षेत्रफळाचं, 3 असेल तर घनफळाचं. घातांकाचा आकडा शेजारच्या अक्षरापेक्षा बराच लहान छापलेला असतो, त्यामुळे फोटो थोडा जरी हलला तरी आधी तोच जातो.

एरवी अशा वेळी दोन्ही शक्यता करून बघायच्या आणि ज्यात आकडा वेडावाकडा येईल ती सोडून द्यायची. इथे दोन्ही उत्तरं तितकीच स्वच्छ आली. 1 मीटर म्हणजे 100 सेंटीमीटर, म्हणून 1 चौरस मीटर म्हणजे 100 × 100 = 10,000 चौसेमी आणि 1 घनमीटर म्हणजे 100 × 100 × 100 = 10,00,000 घसेमी.

```
640000 cm² = 64 m²   = 0.64 a
640000 cm³ = 0.64 m³ = 640 L
```

दोन्ही उत्तरं व्यवहारातही पटतात. 800 सेमी लांब आणि 800 सेमी रुंद हॉल म्हणजे 64 चौरस मीटर. 80 सेमी लांब, 80 सेमी रुंद आणि 1 मीटर उंच टाकी म्हणजे 640 लिटर. त्यामुळे अंदाजाने निवडायची सोयच उरली नाही.

मी घनफळ धरलं. सेंटीमीटर, मीटर आणि मग लिटर ही साखळी इतकी ओळखीची आहे की हात तिकडेच जातो. उत्तर आलं 640 आणि पानाखाली छापलेलं होतं 0.64. बरोबर 1000 पटींचा फरक. असा फरक दिसला की घनमीटर आणि लिटरमधली पायरी चुकली असणार असं वाटतं, आणि ती पायरी पुन्हा तपासून बरोबर आली की उत्तरसूचीतच छपाईची चूक आहे असं म्हणून माणूस मोकळा होतो. तसं करू नका. उत्तरसूची बरोबर होती. मी गणितच वेगळं सोडवत होतो.

बरं, 0.64 हा आकडा दोन्ही वाटांवर येतो. घनफळ धरलं तर पहिल्या रिकाम्या जागेत, क्षेत्रफळ धरलं तर दुसऱ्या. म्हणजे नुसता आकडा जुळला म्हणून काहीच ठरत नाही. ठरवायचं होतं ते हे, की उत्तरसूचीत कोणत्या रिकाम्या जागेचं उत्तर छापलंय.

ते पहिल्या गणितावरून कळलं. 3.2 ha = __ a = __ m² असं ते होतं. उत्तरं येतात 320 आणि 32000, आणि पानाखाली फक्त 32000 होतं. म्हणजे शेवटच्या जागेचं. दुसऱ्या गणितातही तसंच: 0.045 चौरस किलोमीटर म्हणजे 4.5 हेक्टर म्हणजे 45,000 चौरस मीटर, आणि छापलेलं 45000. दोन गणितांत एकच पद्धत दिसली म्हटल्यावर पाचव्यातही 0.64 हे शेवटच्याच जागेचं. घनफळ असतं तर तिथे 640 हवं होतं. म्हणजे गणित क्षेत्रफळाचं, आणि वळणात गेलेलं एकक आर.

एवढ्यावर न थांबता फोटोतच आणखी दोन ठिकाणी पाहिलं. पहिल्या गणितातला m² नक्की 2 आहे, कारण हेक्टरपासून साखळी सुरू झाली की ती क्षेत्रफळाच्या एककातच संपते. तिसऱ्या गणितात घनमीटरपासून लिटर होते, म्हणजे तिथला 3 नक्की. हे दोन्ही मोठे करून पाचव्या ठिपक्याशेजारी ठेवले. 2 चा तळ सपाट रेघेचा असतो आणि 3 चा तळ गोल, डावीकडे उघडा. ठिपका कितीही पुसट असला तरी खालची कड सपाट की गोल एवढं बहुतेक वेळा कळतं. इथे ती सपाट होती. मग वळणातलं अर्धं अक्षर पाहिलं. L असतं तर डावीकडे सरळ उभी रेघ दिसली असती. दिसत होती ती गोलाई, म्हणजे a. तिन्ही गोष्टी एकच सांगतात म्हटल्यावर शंका उरली नाही.

मराठी माध्यमाच्या पुस्तकांत हा गोंधळ होत नाही. तिथे चौसेमी आणि घसेमी असं लिहितात, आणि चौ की घ हे अक्षर घातांकाच्या आकड्यापेक्षा मोठं असल्यामुळे फोटोत टिकतं. म्हणून फोटोवरून वहीत उतरवताना पहिलं काम हे करा: cm², m³ जसंच्या तसं न लिहिता चौसेमी, घमी असं लिहा. तसं लिहायला गेलं की एकक नक्की कोणतं हे तिथेच ठरवावं लागतं, आणि वाचता येत नसेल तर तेही तिथेच लक्षात येतं.

आता हेक्टरबद्दल, कारण पहिल्याच गणितात बरीच मुलं 3.2 ला 100 ने गुणून 320 चौरस मीटर लिहितात. हेक्टो म्हणजे शंभर हे त्यांना माहीत असतं, पण शंभर कशाचे हे सुटतं. हेक्टर म्हणजे शंभर आर. एक आर म्हणजे 10 मीटर बाजूचा चौरस, 100 चौरस मीटर. म्हणून हेक्टर 10,000 चौरस मीटर, 100 मीटर बाजूचा चौरस. चौरस किलोमीटर, हेक्टर, आर, चौरस मीटर या उतरंडीत प्रत्येक पायरी शंभराची आहे, त्यामुळे दशांशचिन्ह दर पायरीला दोन घरं सरकतं. हेक्टर आणि आर ही मुळातच क्षेत्रफळाची एककं आहेत, त्यांच्या डोक्यावर 2 लिहायचा नसतो. तसंच लिटरवर 3 नसतो.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेच एकक धरून लिहिलेलं असतं: हेक्टर, आर, चौरस मीटर. 1.05.50 म्हणजे 1 हेक्टर 5 आर 50 चौरस मीटर, एकूण 10,550 चौरस मीटर. हे तोंडी सांगताना किंवा उतरवून घेताना 1 हेक्टर 5 आरचं 1.5 हेक्टर झालं, की 10,500 चे 15,000 होतात. फरक 4,500 चौरस मीटर, म्हणजे एका एकरापेक्षा जास्त, कारण एकर 4,047 चौरस मीटरच्या आसपास असतो. आरच्या जागेवर एकच आकडा असेल तर त्याआधीचं शून्य सोडायचं नाही. आर आणि गुंठा एकच, असंही सर्रास धरलं जातं. गुंठा 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 1,089 चौरस फूट, म्हणजे 101.17 चौरस मीटर. एका गुंठ्याला फरक किरकोळ वाटतो, पण 80 गुंठ्यांना तो जवळजवळ 94 चौरस मीटर होतो, एका गुंठ्याला थोडाच कमी.

सहावं गणित पावसाचं होतं आणि मला ते आवडलं, कारण क्षेत्रफळाची साखळी तिथे घनफळाला मिळते. 2.4 हेक्टर शेतावर 15 मिलिमीटर पाऊस झाला, तर शेतावर किती लिटर पाणी पडलं? 2.4 ला 15 ने गुणून 36 लिहिलं तर ते 36 हेक्टर-मिलिमीटर होतं, लिटर नाही. आधी दोन्ही मोजमापं मीटरवर आणायची.

```
2.4 ha = 24000 m²
15 mm = 0.015 m
24000 m² × 0.015 m = 360 m³
360 m³ × 1000 = 360000 L
```

इथे दुसऱ्या ओळीत घसरतात. 15 मिमी म्हणजे 0.15 मीटर लिहिलं की उत्तर 36 लाख लिटर येतं. पडताळा सोपा आहे: 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. मग 24,000 चौरस मीटरवर 15 मिमी म्हणजे 24,000 × 15, थेट 3,60,000. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की शून्यांची काळजी मिटली.

पाचव्या गणितातही रूपांतर करताना गुणक दोनदा लिहावा हे सांगायचं राहिलं. 640000 ला एकदाच 100 ने भागलं तर 6,400 चौरस मीटर येतात, म्हणजे अर्ध्या हेक्टरपेक्षा जास्त. भागाकार सुरू करण्याआधी सेमी दोनदा कापला गेला पाहिजे:

```
640000 cm × cm × (1 m / 100 cm) × (1 m / 100 cm) = 64 m²
```

घनफळ असेल तर तोच कंस तीनदा. कापल्यानंतर एखादा cm उरला असेल तर कंस कमी पडला.

आणि फोटो काढणाऱ्यांना विनंती. वही-पुस्तक पूर्ण उघडून उजवी कड हाताने दाबून धरा, मोबाईल पानाच्या बरोबर वर धरा, आणि उत्तरांच्या ओळीसकट सगळं पान चौकटीत घ्या. पाठवताना साधा फोटो न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो पाठवताना ॲप तो लहान करतं आणि बारीक घातांक पुसट होतात. पाठवण्याआधी एकदा मोठं करून एककांच्या डोक्यावरचे आकडे तेवढे वाचून बघा.